बॅटरी भरली, हे कशावरून ओळखायचं?

नांगरट उरकून महिना-दोन महिने शेडमध्ये उभा असलेला ट्रॅक्टर पेरणीच्या तोंडावर चालू करायला जावं, तर किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘कट्’ असा आवाज होतो. बॅटरी उतरलेली असते. उन्हाळ्यात बॅटरी नुसती ठेवली तरी आतल्या आत उतरत जाते आणि उकाडा जितका जास्त तितकी लवकर उतरते. अशा वेळी घरातला छोटा चार्जर काढून ती लाइटवर लावली जाते, आणि मग कुणीतरी विचारतं, ‘झाली का फुल्ल?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा अंदाजानेच दिलं जातं. रात्रभर लावली होती म्हणजे झाली असेल, किंवा चार्जरचा काटा खाली आलाय म्हणजे झाली. दोन्ही उत्तरं कधी बरोबर निघतात, कधी साफ चुकतात.

आपण इथे बुचं असलेली, पाणी टाकता येणारी १२ व्होल्ट ७५ अँपिअर-तासांची बॅटरी घेऊ. ट्रॅक्टर, जीप यांना साधारण अशीच असते. चार्जर धरू साधा ५ अँपिअरचा. आत एक ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारे डायोड आणि वर काट्याचा अँपिअर मीटर. आपोआप बंद होण्याची सोय नाही. असे चार्जर अजून घराघरांत आहेत, आणि बॅटरी म्हणजे काय हे समजून घ्यायला तेच उत्तम, कारण ते काहीच ठरवत नाहीत, सगळं आपल्याला पाहावं लागतं.

बॅटरीत सहा सेल ओळीने जोडलेले असतात. प्रत्येकात शिशाच्या प्लेट आणि पाणी मिसळलेलं गंधकाम्ल, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘ॲसिड’ म्हणतो ते. बॅटरी उतरताना ॲसिडमधला सल्फेट दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर जाऊन बसतो आणि मागे पाणी वाढतं. चार्ज करताना हे उलटं होतं, प्लेटांवरचा सल्फेट सुटून पुन्हा ॲसिडमध्ये येतो. म्हणजे बॅटरीतल्या द्रवाची घनता हीच तिची जमाखर्चाची वही. द्रव जड झाला की बॅटरी भरलेली, हलका झाला की उतरलेली. हायड्रोमीटर हेच मोजतो. काचेच्या नळीत द्रव ओढला की आतला तरंगणारा काटा किती वर राहतो ते पाहायचं. गॅरेजवाले याला ‘ग्रॅव्हिटी बघणं’ म्हणतात आणि १.२४० ला ‘बाराशे चाळीस’.

आता एक घोळ इथेच निस्तरू. भरलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते, असं अनेक तक्त्यांत छापलेलं असतं. हा आकडा थंड देशांतल्या बॅटऱ्यांचा आहे. तिथे ॲसिड दाट भरतात, १.२८० च्या आसपास. उष्ण हवेत दाट ॲसिड प्लेटा लवकर खातं, म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच बॅटऱ्यांत ते १.२४० ते १.२६० च्या दरम्यान असतं. शांत ठेवलेल्या सेलचं व्होल्टेज काढायचा एक जुना, सोपा हिशोब आहे: ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवायचे. १.२८० ला २.१२ व्होल्ट, सहा सेलचे १२.७२. पण १.२४० ला २.०८ आणि सहा सेलचे १२.४८. म्हणजे आपली बॅटरी काठोकाठ भरली तरी शांतपणे साडेबाराच दाखवणार. तक्ता पाहणारा माणूस ‘अजून पाव बॅटरी रिकामी आहे’ म्हणून तिला आणखी चार्जिंगला लावणार आणि ती बिचारी उगाच उकळत राहणार. म्हणून आपल्या बॅटरीची भरलेली ग्रॅव्हिटी किती, हे तिच्या लेबलवर किंवा सोबतच्या कार्डावर आधी पाहून ठेवावं. आपल्या उदाहरणात १.२४० धरू.

बॅटरी गाडीतून सोडवूनच चार्ज करणं बरं. साध्या चार्जरवर व्होल्टेज शेवटी पंधराच्या वर जातं आणि ते गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना झेपेलच असं नाही. सोडवताना आधी बॉडीला जोडलेलं टर्मिनल, बहुधा उण्याचं, आणि लावताना तेच शेवटी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या पाण्याने धुवावी, पण ते पाणी बुचांतून आत जाऊ देऊ नये. मग बुचं उघडून पातळी पाहावी. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर आत्ता घालावं. बाकीचं चार्जिंग संपल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर चढते आणि आधीच काठापर्यंत भरलेली बॅटरी ॲसिड बाहेर टाकते. ॲसिड मात्र कधीच घालायचं नाही. सांडलं नसेल तर ते कमी झालेलं नसतं, प्लेटांत जाऊन बसलेलं असतं. वरून घातलं की हायड्रोमीटर खोटं बोलायला लागतो.

आधी क्लिपा, लाल अधिकला आणि काळी उण्याला. मग भिंतीवरचं बटण. काढताना आधी बटण बंद, मग क्लिपा. याचं कारण पुढे येईलच.

समजा सुरुवातीला ग्रॅव्हिटी १.१७० आणि व्होल्टेज १२.०६ आहे. म्हणजे बॅटरी साधारण अर्धी उतरलेली. ७५ च्या अर्ध्या, ३७ अँपिअर-तास परत भरायचे. दिलेलं सगळंच आत मुरत नाही, म्हणून त्यावर पंधरा-वीस टक्के जास्त. म्हणजे ४४-४५. चार्जर ५ अँपिअरचा, तेव्हा नऊ तासांत काम फत्ते, असा हिशोब कागदावर निघतो. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण चार्जर पूर्ण वेळ पाच अँपिअर देतच नाही. त्याचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा जितकं वर, तितका करंट. बॅटरी भरत जाते तसं तिचं व्होल्टेज वर सरकतं, दोघांतला फरक कमी होतो आणि काटा खाली येतो.

सकाळी आठला लावली तर दिवस काहीसा असा जाईल. आकडे चार्जर आणि बॅटरीप्रमाणे इकडेतिकडे होतील, पण चाल हीच राहील. सुरू केल्या केल्या पाच अँपिअर, व्होल्टेज पावणेतेराच्या आसपास. दुपारी बाराला साडेचार अँपिअर, १३.२ व्होल्ट. एव्हाना अठरा-एकोणीस अँपिअर-तास गेलेले असतात, पण ग्रॅव्हिटी पाहावी तर जेमतेम १.१७५. माणूस इथे घाबरतो. बारा वाजले, चार तास झाले, आणि काटा जागचा हलला नाही!

बॅटरी बरोबर चाललेली असते. प्लेटांच्या बारीक छिद्रांतून बाहेर येणारं ॲसिड ताजं आणि जड असतं, ते सरळ तळाशी जाऊन बसतं. हायड्रोमीटर वरचा द्रव ओढतो, आणि वर अजून तोच जुना हलका द्रव असतो. खाली जमा होत असलेलं आपल्याला दिसत नाही. म्हणून चार्जिंगच्या पहिल्या निम्म्या वेळात ग्रॅव्हिटीवर विश्वास ठेवायचा नाही.

दुपारी तीनला करंट पावणेचार, व्होल्टेज १३.७. पाचच्या सुमारास व्होल्टेज १४.३ च्या पुढे जातं आणि बुचाच्या छिद्राला कान लावला नाही तरी बारीक सळसळ ऐकू येते. द्रवात बुडबुडे दिसायला लागतात. सेलमागे २.४ व्होल्टच्या आसपास ही वेळ येते. प्लेटांवर बदलायला राहिलेला सल्फेट कमी होतो आणि दिलेल्या करंटचा काही भाग पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करण्यात जातो. लोक म्हणतात ‘बॅटरी उकळायला लागली’, पण द्रव काही शंभर अंशांना पोचलेला नसतो, हात लावला तर कोमट लागतो. या बुडबुड्यांचा एक फायदा आहे. ते तळातला जड द्रव वर आणून मिसळतात. म्हणून पाच ते आठ या तीन तासांत ग्रॅव्हिटी एकदम धावायला लागते: पाचला १.१९५, सातला १.२२०, आठला १.२४०.

आता करंट दोनच्या खाली आहे आणि व्होल्टेज १५.३. बॅटरी भरली का? इथेच खरी कसोटी आहे, आणि ती एका आकड्यात नाही. बुडबुडे सुरू झाले म्हणजे भरली असं नाही, ते शेवटचा टप्पा सुरू झाल्याचं लक्षण. पंधरा व्होल्ट दिसले म्हणजे भरली असंही नाही, कारण जुन्या बॅटरीत, नव्या बॅटरीत, थंडीत, उन्हात हा आकडा वेगळा येतो. भरलेल्या बॅटरीची खूण एकच: तिच्यात बदल व्हायचा थांबतो. आठला, नऊला आणि दहाला पाहावं. तासातासाने घेतलेल्या तीन मोजमापांत व्होल्टेज तेच, करंट तोच, सहाही सेलची ग्रॅव्हिटी तीच, आणि सहाही सेलमध्ये सारखे जोमदार बुडबुडे. असं झालं की प्लेटांकडे परत द्यायला काही उरलेलं नाही, आत जाणारा सगळा करंट आता पाणीच फोडतोय. आपल्या उदाहरणात आठला १.२४०, नऊला १.२४०, दहालाही १.२४०. दहाला बटण बंद करावं. तोवर एकंदर अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास अँपिअर-तास गेलेले असतात आणि नऊऐवजी चौदा तास लागलेले असतात.

ग्रॅव्हिटी वाचताना द्रव किती तापलाय हे पाहावं लागतं, आणि मे महिन्यात तर नक्कीच. आपल्याकडे हे आकडे २७ अंशांसाठी धरतात. दर दहा अंशांना ०.००७ चा फरक पडतो. संध्याकाळी पत्र्याच्या शेडमध्ये द्रव ४२ अंशांवर असेल आणि हायड्रोमीटर १.२३० दाखवत असेल, तर त्यात ०.०१० मिळवा, म्हणजे खरी ग्रॅव्हिटी १.२४०. हे माहीत नसलेला माणूस उरलेल्या दहा पॉइंटांसाठी रात्रभर चार्जर चालू ठेवतो. तापमान पन्नास अंशांकडे चाललं असेल तर मात्र आकड्यांचा नाद सोडून चार्जर बंद करावा आणि बॅटरी गार होऊ द्यावी.

‘राहू दे रात्रभर, दोनच अँपिअर तर आहेत,’ असं म्हणणाऱ्यांनी गावाकडच्या विजेचा स्वभाव लक्षात घ्यावा. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे-पंखे चालू असतात तेव्हा व्होल्टेज पडलेलं असतं. मध्यरात्रीनंतर भार उतरतो आणि २३० च्या जागी २५० येतात. वाढ नऊ टक्क्यांची, पण चार्जरवर तिचा परिणाम नऊ टक्क्यांचा होत नाही. समजा चार्जरचं शिखर-व्होल्टेज १८ होतं आणि बॅटरीचं १५. करंट ढकलणारा फरक तीन व्होल्टचा. आता १८ चे साडेएकोणीस झाले तर फरक साडेचारचा, म्हणजे दीडपट. आपण झोपताना दोनच्या खाली पाहिलेला काटा पहाटे तीनवर असू शकतो, आणि तेही भरून झालेल्या बॅटरीत. सात तासांचे हे एकवीस अँपिअर-तास प्रत्येक सेलमधलं सात ग्रॅम पाणी उडवतात. पाणी पुन्हा घालता येतं. पण अधिकच्या प्लेटांची जाळी या काळात आतून सडत जाते आणि तिच्यावरचा लेप सुटून तळाशी पडतो. ते परत लावता येत नाही.

शिवाय त्या रात्रीत सहा सेल मिळून पन्नास लिटरच्या वर हायड्रोजन सोडतात. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. पन्नास लिटर म्हणजे एका मोठ्या कपाटाएवढ्या बंद हवेला पुरेल इतका. म्हणून बॅटरी बंद खोलीत किंवा पलंगाखाली चार्ज करायची नाही, बुचांची छिद्रं मोकळी ठेवायची, विडी-सिगारेट दूर. बटण बंद केल्याशिवाय क्लिप ओढायची नाही ती यासाठीच. करंट वाहत असताना क्लिप निघाली की ठिणगी पडते, आणि पडते ती नेमकी बुचांपासून वीतभर अंतरावर. ग्रॅव्हिटी पाहायला वाकताना डोळ्यांवर चष्मा असू द्यावा.

मधेच वीज गेली तर काही बिघडत नाही. डायोडमुळे बॅटरी चार्जरमधून उलटी उतरत नाही. गेलेला वेळ हिशोबातून वगळायचा आणि पुढे चालू.

चार्जर काढल्याबरोबर मल्टिमीटर लावला तर तेरा-साडेतेरा व्होल्ट दिसतात आणि मालक खूश होतो. हे नुसतं प्लेटांच्या पृष्ठभागावरचं व्होल्टेज. रात्रभर बॅटरी तशीच ठेवून सकाळी पाहावं, घाई असेल तर हेडलाइट दोन-तीन मिनिटं लावून, बंद करून, थोडं थांबून पाहावं. साडेबाराच्या आसपास स्थिरावली तर बॅटरी भरली आणि चार्ज धरून आहे. एक-दोन दिवसांत बारावर आली तर चार्जरचा दोष नाही, बॅटरी आतून गळतेय.

काटा शून्यावर येणं म्हणजे बॅटरी भरणं, ही समजूत सगळ्यात जास्त फसवते ती बराच काळ उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीत. तिच्या प्लेटांवरचा सल्फेट आता मोठ्या, कडक स्फटिकांचा झालेला असतो आणि सहजी सुटत नाही. चार्जर लावताच व्होल्टेज भराभर पंधराकडे जातं, करंट अर्ध्या अँपिअरवर येतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, अर्ध्या तासात भरली! हायड्रोमीटर घालून पाहावं, १.१५० च्या आसपास अडकलेला असतो. व्होल्टेज म्हणतं भरली, ग्रॅव्हिटी म्हणते रिकामी. अशा वेळी ग्रॅव्हिटीचं ऐकावं. ही बॅटरी गेलीच असं नाही. अर्धा-एक अँपिअर करंट दोन-तीन दिवस, दिवसाउजेडी लक्ष ठेवून दिला, तर पुष्कळदा काटा हळूहळू खाली न जाता वर यायला लागतो, म्हणजे प्लेटा पुन्हा करंट घ्यायला लागल्या. मग नेहमीप्रमाणे चार्जिंग करावं. दोन-तीन दिवसांनंतरही ग्रॅव्हिटी हलली नाही तर ती भंगारातच द्यावी. भंगारवाल्याला शिशाचे पैसे मिळतात, तेव्हा नव्या बॅटरीच्या किमतीत सूट मागायला लाजू नये.

याच्या उलट प्रकार म्हणजे एक सेल गेलेला. पाच सेल बुडबुडत असतात, सहावा गप्प. त्याची ग्रॅव्हिटी इतरांपेक्षा पन्नास पॉइंटांनी किंवा अधिक खाली, आणि संध्याकाळ झाली तरी वर येत नाही. एकूण व्होल्टेज पंधराकडे जातच नाही, म्हणून चार्जरचा काटाही खाली येत नाही. अशी बॅटरी कितीही वेळ ठेवली तरी ‘थांबण्याच्या’ खुणा देणार नाही. बाकीचे पाच सेल मात्र फुकट उकळतील.

बंद, म्हणजे पाणी न टाकता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटर घालताच येत नाही. पाठीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची असते ती याच जातीची. तिला साधा चार्जर लावूच नये, कारण तिच्यातून उडालेलं पाणी परत घालता येत नाही. तिला व्होल्टेज धरून ठेवणारा चार्जर हवा, साधारण १४.४ वर अडणारा. तिथे पाहायचा तो करंट. व्होल्टेज १४.४ वर स्थिर असताना करंट क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांवर, म्हणजे आठच्या बॅटरीत ०.१ ते ०.१५ अँपिअरवर येऊन थांबला की ती भरली. चार्जरवरचा लाल दिवा हिरवा होतो तो याच बेताने, करंट ठरावीक पातळीखाली गेला म्हणून. बॅटरीत खरोखर किती साठलंय, हे त्या दिव्याला कळत नाही. त्यामुळे दोन हंगाम वापरलेल्या पंपाची बॅटरी तासाभरात हिरवी होते आणि तिसऱ्या टाकीला दम सोडते. ती भरलेली असते हे खरंच. तिच्यात आता मावतंच तेवढं.